बेडरूमच्या बोर्डावरचं बटण चर्र करतं अन् गरम लागतं : स्क्रू लूज हाय का लोड जास्त?

उन्हाळा लागला की हा प्रॉब्लेम घरोघर निघतो. बेडरूमच्या मॉड्युलर बोर्डावरचं एखादं बटण दाबलं की आत चर्र होतं, कधी फटीतनं ठिणगी दिसते, अन् हात लावला तर बटण कोमट नाही तर चक्क गरम. वायरमन बोलावला की तो म्हणतो "लोड जास्त हाय" नाही तर "बटण खराब हाय", नवीन बटण टाकतो, पैसे घेऊन जातो, अन् महिना दीड महिन्यात तेच बटण परत गरम व्हायलंय. मी परभणीकडं वायरिंगचीच कामं करतो, अन् अशा बोर्डात बहुतेक वेळा ना बटण खराब असतं ना लोड जास्त असतो. स्क्रू लूज असतो, अन् तोही बरेचदा आपण समजतो त्या वस्तूचा नसतो. हे कसं ओळखायचं ते एका घरच्या बोर्डावरूनच सांगतो, म्हणजे नीट ध्यानात येईल.

घर एका गुरुजींचं, तळमजला, बेडरूमची भिंत पश्चिमेची. बोर्डावर पाच बटणं, एक फॅनचा रेग्युलेटर अन् दोन सॉकेट. पहिलं बटण ट्यूबचं, मग फॅन, मग झिरो बल्ब, अन् शेवटची दोन बटणं दोन सॉकेटची. एका सॉकेटला कूलर, दुसऱ्याला सकाळी इस्त्री. अन् गरम कोणतं होत होतं? तर ट्यूबचं! २० वॅटची एलईडी ट्यूब, ती असा कितीसा करंट ओढणार, अर्धा अँपिअर पण नाही, त्याच्या पाचव्या हिश्श्याहून कमी. गुरुजी म्हणाले, "दोनदा बटण बदललं, कंपनी पण बदलली, तरी तेच. आता वायरमन म्हणतो पूर्ण बेडरूमची लाईन बदला, एमसीबी पण १० चा काढून मोठा टाका." मी म्हणलं, "गुरुजी, थांबा, एमसीबीला हात लावू नका, आधी बघू."

आधी ठिणगीचं बोलू, कारण सगळीच ठिणगी वाईट नसते. फॅन किंवा कूलरचं बटण बंद करताना आत क्षणभर बारीक निळसर ठिणगी पडते ती मोटरमुळं, करंट एकदम तुटायला तयार नसतो. एलईडी किंवा चार्जर चालू करताना पण एक टिच् आवाज येतो, कारण त्यांच्यातलं कपॅसिटर पहिल्या झटक्यात भरपूर करंट खातं. एवढं चालतं. काय चालत नाही? बटणाला हात पण लावलेला नसताना आतून चर्रर्र आवाज, बटण अर्धवट दाबून धरलं की होणारी चरचर, पिवळी नाही तर केशरी ठिणगी, जळक्या प्लास्टिकचा नाही तर मासळीसारखा वास, ट्यूबचं लपलपणं. यातलं एक जरी दिसलं तरी त्या बोर्डाची लाईन बंद करून मगच पुढं जायचं.

गरमीचं पण तसंच. आपल्याकडं मे महिन्यात पश्चिमेची भिंत संध्याकाळी हात ठेववत नाही अशी तापते, मग बोर्ड पण तापणारच. म्हणून नुसतं "गरम लागतंय" याला अर्थ नाही. बोटाची मागची बाजू आधी शेजारच्या बटणाला लावा, मग त्या बटणाला, मग प्लेटला. सगळं सारखंच गरम असलं तर ती भिंतीची गरमी. एकच बटण शेजाऱ्यापेक्षा वेगळं तापलेलं असलं तर तिथंच काहीतरी हाय. रेग्युलेटर थोडा कोमट राहतोच, त्याच्यावरून घाबरू नका.

आता मुद्द्याचं. बोर्डात मागं फेज कसा फिरतो हे समजलं की अर्धं काम झालं. मेनकडून फेजची एकच वायर बोर्डात येते अन् पहिल्या बटणाच्या एका स्क्रूत लागते. त्याच स्क्रूतनं दुसरा एक तुकडा निघून पुढच्या बटणाला जातो, तिथनं त्याच्या पुढच्याला. याला आम्ही लूप म्हणतो, कुणी लूपिंग म्हणतं. म्हणजे पहिल्या बटणाच्या त्या स्क्रूतनं फक्त ट्यूबचा करंट जात नाही, पुढच्या सगळ्या बटणांचा अन् सॉकेटांचा करंट तिथनंच जातो. इस्त्री शेवटच्या सॉकेटला लावली तरी तिचा करंट ट्यूबच्या बटणाच्या स्क्रूमधनं आलेला असतो. म्हणून गरम होतं ट्यूबचं बटण, अन् माणूस डोकं खाजवतो की एवढ्याशा ट्यूबनं बटण कसं तापलं.

हे कळलं, अन् वर सांगितलेला चर्र आवाज, वास काही नसून नुसतं बटण गरम होत असंल, तर बोर्ड न उघडता करायची एक साधी टेस्ट हाय, अन् ती माझी सगळ्यात आवडती टेस्ट. जे बटण गरम व्हायलंय ते बंद ठेवायचं. आपल्या केसमध्ये ट्यूब बंद. मग त्याच बोर्डावर इस्त्री लावायची अन् १५-२० मिनिटं चालू द्यायची, इस्त्री आपलं थर्मोस्टॅटवर लागते-तुटते म्हणून तिला कॉटनवर फुल ठेवा अन् खरंच कपडे करत राहा म्हणजे ती जास्त वेळ चालू राहते. मध्येमध्ये बोट लावून बघा. ट्यूबचं बटण बंद असून पण तापलं, तर ट्यूबचा काही संबंध नाही, बटणाच्या आतल्या पॉइंटचा पण नाही, कारण तिथनं करंट जातच नाही. फक्त लूपचा स्क्रू राहतो. अन् उलट झालं, म्हणजे बटण बंद असताना थंड अन् स्वतःची वस्तू चालू केल्यावरच गरम, तर मग त्या बटणाच्या आतले पॉइंट झिजले असतील नाही तर त्याचा पलीकडचा, वस्तूकडं जाणारा स्क्रू लूज असंल. अशावेळी बटण बदलून फायदा होतो. गुरुजींकडं ट्यूब बंद ठेवून काकूंनी इस्त्री चालू केली, अन् पंधरा मिनिटांत ट्यूबचंच बटण चांगलं तापलं, बाजूचं फॅनचं थंडगार. म्हणजे लूप.

पण लोड जास्त असल्यानं पण स्क्रू तापू शकतो की? हो, म्हणून हिशोब करायचा, त्याला काय लागत नाही. वॅटला २३० नं भागलं की अँपिअर. (मोटरला थोडं वाढवून धरायचं.) इस्त्री १००० वॅट म्हणजे सव्वाचार अँपिअरच्या थोडं वर. कूलर पंपासकट १८० वॅट, एक अँपिअरच्या आत. ट्यूब नगण्य. सगळं मिळून साडेपाचच्या आत. बटणं ६ अँपिअरची, वायर १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची, एमसीबी १० चा. कुठंच मर्यादेच्या पुढं गेलेलं नाही. शिवाय तो साडेपाचचा करंट दिवसभर पण नाही, सकाळी इस्त्री चालते तेवढाच वेळ, बाकी दिवस नुसता कूलर.

ओव्हरलोड असला की त्याची लक्षणं वेगळीच असतात. करंट जास्त असला तर तो सगळ्या वायरीतनं जास्त जातो, म्हणून गरमी एका जागी साठत नाही. पूर्ण वायर सारखी कोमट लागते, सॉकेटच्या पिना गरम, डीबीतला, म्हणजे सगळे एमसीबी बसवलेल्या डब्यातला, त्या लाईनचा एमसीबी पण शेजारच्या एमसीबीपेक्षा गरम, अन् वायर उघडून बघितली तर तिचं पीव्हीसी लांबवर मऊ झालेलं किंवा कडक पडलेलं. लूज स्क्रूचं उलटं असतं. एकच जागा जळलेली, वायरचं कव्हर स्क्रूपासनं बोटभर तपकिरी अन् त्याच्या पुढं एकदम नव्यासारखं. गुरुजींच्या डीबीत मी इस्त्री चालू असताना एमसीबीला बोट लावून बघितलं, शेजारच्यासारखाच होता. म्हणजे लाईनीवर ताण नव्हता.

लोक विचारतात, मग एमसीबी कामून पडत नाही? कारण एमसीबी फक्त किती करंट जातोय ते बघतो. १० चा एमसीबी साडेचौदा अँपिअर गेले तर तासाभराच्या आत पडतो, शॉर्ट झाला तर लगेच. लूज स्क्रूमध्ये करंट वाढतच नाही, उलट किंचित कमी होतो, कारण त्या ढिल्या जागी रेझिस्टन्स वाढलेला असतो. ईएलसीबी-आरसीसीबीला पण ते दिसत नाही, कारण करंट जमिनीत कुठं गळत नाही, जेवढा जातो तेवढाच परत येतो. म्हणजे बोर्डाच्या आत जळत असतं अन् सगळे सेफ्टीवाले डबे निवांत. म्हणून तो वायरमन म्हणत होता तसं एमसीबी मोठा टाकणं म्हणजे तर अजूनच वाईट, पडत नव्हता तो एमसीबी मोठा करून मिळणार काय? वर उद्या कुणी खरंच जास्त लोड लावला तर १.५ ची वायर भिंतीत तापत राहणार अन् एमसीबी गप्प बसणार.

ज्याच्याकडं मल्टीमीटर हाय अन् तो धरायची सवय हाय, त्याला एक आकडा पण काढता येतो. नसंल तर सॉकेटमध्ये खोचायचं व्होल्टेज दाखवणारं छोटं डिजिटल मीटर मिळतं, ते पण चालतं. मी कूलरच्या सॉकेटला व्होल्टेज बघितलं, २२६. मग दुसऱ्या सॉकेटला इस्त्री चालू केली, २२० वर आलं. इस्त्री बंद, परत २२६. आपल्याकडं व्होल्टेज असंच वरखाली नाचतं, शेजाऱ्याची मोटर चालू झाली की पडतं, म्हणून बंद-चालू-बंद असं दोन-तीनदा करून बघायचं, एकदाच बघून विश्वास ठेवायचा नाही. मग तीच इस्त्री हॉलच्या बोर्डावर लावली, डीबीपासनं अंतर साधारण तेवढंच, वायर तीच. तिथं २२६ चं २२४. दोन व्होल्ट पडणं हे वायरीच्या लांबीमुळं, ते चालायचंच. पण बेडरूममध्ये सहा. म्हणजे चार व्होल्ट जास्तीचे कुठंतरी बोर्डाच्या वाटेत खपत होते. चार व्होल्ट गुणिले सव्वाचार अँपिअर, म्हणजे जवळपास १७ वॅट. ऐकायला कमी वाटतं, पण मोबाईल रिपेरिंगवाल्याची सोल्डरिंग गन २५ वॅटची असते. तसलंच काहीतरी एका स्क्रूच्या टोकाला, प्लास्टिकच्या डबीत कोंडून, रोज सकाळी चालू ठेवल्यासारखं ते होतं.

या आकड्यातनं अजून एक गोष्ट कळते. मी मीटर इस्त्रीच्या सॉकेटला नव्हतं लावलं, कूलरच्या सॉकेटला लावलं होतं, तरी तिथं पण व्होल्टेज पडलं. म्हणजे खोट दोन्ही सॉकेटच्या अलीकडं, सामाईक वाटेवर. इस्त्रीचंच बटण किंवा इस्त्रीचंच सॉकेट ढिलं असतं तर कूलरच्या सॉकेटला चार व्होल्ट पडलेच नसते. न्यूट्रलचा स्क्रू लूज असला तरी असंच दिसलं असतं, पण न्यूट्रल बटणात नसतो, तो सॉकेटला येतो, मग सॉकेट तापलं असतं, ट्यूबचं बटण नाही.

आता उघडायचं. इथं आपल्या भागातली एक मोठी गोची हाय, ती नीट वाचा. मेन बंद केला म्हणजे बोर्डातली लाईट गेली असं समजू नका. घरात इन्व्हर्टर हाय ना? तुम्ही मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, अन् तो ताबडतोब आपला फेज सोडतो. गुरुजींच्या बोर्डात फॅन अन् झिरो बल्ब इन्व्हर्टरवर, त्यांचा फेज वेगळ्या वायरीनं आलेला, ट्यूब अन् सॉकेट साध्या लाईनीवर, म्हणून इथं लूप ट्यूबच्या बटणावरून थेट सॉकेटच्या बटणांना. एकाच प्लेटमागं दोन फेज. मेन पाडून प्लेट काढली असती तर फॅनच्या बटणावर पूर्ण २२०-२३० व्होल्ट जिवंत. म्हणून आधी इन्व्हर्टर त्याच्या बटणानं बंद करायचा, त्याचं आउटपुट पण बंद करायचं, मग मेन बंद करायचा. अन् लोडशेडिंगच्या टायमाला लाईट गेलेली असताना "आत्ता लाईट नाहीच" म्हणून बोर्ड तर बिलकुल उघडायचा नाही, ती येते तेव्हा विचारून येत नाही.

टेस्टर वापरताना पण तो आधी चालू सॉकेटवर लावून पेटतो का ते बघा, मग बोर्डातल्या प्रत्येक बटणाच्या दोन्ही स्क्रूवर लावा, मग परत चालू ठिकाणी लावून बघा. बंद पडलेला टेस्टर अन् बंद असलेली लाईन, दोन्हीत टेस्टर सारखाच दिसतो. हे सगळं करायची सवय नसंल तर इथपर्यंतच थांबा अन् वायरमनला बोलवा, पण त्याला नुसतं "बटण गरम होतं" असं सांगू नका, "ट्यूब बंद असून इस्त्री लावली की ट्यूबचं बटण तापतं" असं सांगा, हुशार असंल तर तो थेट तिथंच हात घालंल. वायर वितळलेली असंल, धूर दिसला असंल, किंवा भिंतीत जुनी अॅल्युमिनियमची वायर असंल, तर घरच्या माणसानं हात लावूच नये.

प्लेट काढली अन् जे वाटलं होतं तेच निघालं. मेनकडून आलेली वायर अन् पुढं जाणारा लूपचा तुकडा, दोन्हींच्या तारा एकत्र पिळून एकाच भोकात कोंबलेल्या. पण लूपचा तुकडा बारीक, १ स्क्वेअर एमएमचा, अन् आलेली वायर १.५ ची, त्यामुळं स्क्रूनं जाडीला दाबलं अन् बारीक बाजूला सरकली. काही तारा तर आत गेल्याच नव्हत्या, बाहेर दुमडून पडलेल्या. तांबं जांभळं-काळं पडलेलं, कव्हर बोटभर तपकिरी, बटणाच्या मागच्या प्लास्टिकचा तेवढाच कोपरा भाजल्यासारखा. पेचकस लावला तर स्क्रू काही जोर न लावता अर्धा फेरा फिरला. बाकीचे सगळे स्क्रू घट्ट.

अन् दोनदा बटण बदलून परत परत तेच कामून व्हायलं होतं ते पण दिसलं. आधीच्यानं दोन्ही वेळा बटण नवीन टाकलं, पण वायरचं टोक तेच ठेवलं. एकदा तापून काळं पडलेलं तांबं वरून स्क्रू कितीही घट्ट केला तरी नीट चिकटत नाही, त्याच्यावर ऑक्साइडचा थर असतो, तो करंटला अडवतो. मग तिथं गरमी होते, गरमीनं तांबं फुगतं, थंड झालं की आखडतं, रोज इस्त्रीबरोबर हे चालू, अन् स्क्रू आपोआप ढिला. नुसतं आवळून आलेला माणूस म्हणूनच महिनाभरात परत बोलवावा लागतो.

उपाय साधा, पण घाई न करता करायचा. दोन्ही वायरी मागं कापत जायच्या, जिथं तांबं लालसर चकचकीत लागंल तिथपर्यंत. इथं तीनेक बोटं कापावी लागली. आता आलेली वायर आखूड पडली, ही अडचण नेहमीच येते, अन् इथंच लोक टेप गुंडाळून जोड मारतात, तेवढं करू नका, तो टेपचा जोड म्हणजे बोर्डाच्या आत अजून एक लूज स्क्रू. आलेल्या वायरीला स्क्रूचा कनेक्टर लावला, त्यातनं १.५ च्या वायरीचा वीतभर नवीन तुकडा काढून ट्यूबच्या बटणाला नेला. पुढचे लूपचे तुकडे पण सगळे काढून १.५ चेच टाकले, बारीक-जाड एका भोकात नको. कव्हर एक सेंटिमीटरच्या आसपास सोलायचं, जास्त सोललं तर उघडं तांबं बाहेर राहतं अन् कमी सोललं तर स्क्रू कव्हरवरच बसतो, वरून घट्ट लागतो पण तांब्याला टेकतच नाही. हे दुसरं लई वेळा बघायला मिळतं. तारा सोलताना तुटल्या तर परत सोलायचं, सात-आठ तारा कमी झाल्या तरी काय होतंय असं म्हणायचं नाही.

दोन वायरी एका भोकात घालायच्याच असतील तर दोन्हींची टोकं सारख्या लांबीची करून शेजारी-शेजारी ठेवून पिळायची अन् पूर्ण आत जाईपर्यंत ढकलायची. टोकाला सोल्डर लावायची काहींना सवय असते, ते इथं चुकीचं हाय, सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं अन् स्क्रू परत ढिला. स्क्रू हाताच्या जोरानं पक्का आवळायचा, पण पितळेचं आटं असतं, राक्षसासारखं पिळलं तर घसरतं. मग प्रत्येक वायर एकेक करून ओढून बघायची. दोन्ही एकदम धरून ओढल्या तर एक घट्ट असलेली दुसरीला सांभाळून घेते अन् कळत नाही. प्लेट परत बसवताना वायरी दाबून कोंबल्या की कडक वायर स्क्रूला पिळ देते, म्हणून वायरी आधी डब्यात नीट दुमडून घ्यायच्या, मगच प्लेट.

बटण पण नवीन टाकलं, कारण मागचा कोपरा भाजला होता अन् आतलं पितळ एकदा एवढं तापल्यावर त्याचा भरवसा नाही. पण ते शेवटी.

मग परत तीच टेस्ट. ट्यूब बंद, इस्त्री २० मिनिटं, कूलर पण चालू. ट्यूबचं बटण शेजारच्यासारखंच. व्होल्टेज २२६ चं २२४, हॉलसारखं. दोन-तीन आठवड्यांनी एकदा लाईन बंद करून तो स्क्रू अन् कनेक्टर परत बघून घ्या म्हणलं, बारीक तारांची वायर दाबाखाली थोडी बसते, पाव फेरा घेतलाच तर घेतो. अन् एवढं करून पण व्होल्टेज जास्तच पडत राहिलं असतं, तर पुढची जागा डीबी. त्या लाईनीच्या एमसीबीखालचा स्क्रू अन् न्यूट्रल पट्टीवरचा स्क्रू, दोन्हीकडं हीच गोष्ट होते, फक्त ते बेडरूममध्ये जाणवत नाही.

निघताना गुरुजींनी विचारलं, "आता नीट झालंय तर हिवाळ्यात पाण्याचा रॉड पण इथंच लावू का? बाथरूम लांब हाय." हा मात्र खरा ओव्हरलोड. रॉड १५०० वॅटचा, म्हणजे साडेसहा अँपिअर, अन् तो थर्मोस्टॅटवर तुटत नाही, पाणी तापेपर्यंत अर्धा-पाऊण तास सलग चालतो. बटण अन् सॉकेट ६ चं. इथं गंमत अशी की लाईनीवर १० चा एमसीबी हाय, त्याला साडेसहा म्हणजे काहीच नाही, तो कधीच पडणार नाही. लाईन ओव्हरलोड नाही, पण बटण अन् सॉकेट ओव्हरलोड. त्यात काकूंनी इस्त्री लावली तर अकराच्या आसपास जातं, तरी पण १० चा एमसीबी तासभर तग धरतो. अशा वेळी एक स्क्रू नाही, रॉडचं बटण, सॉकेटची पिन, प्लगचं टोक अन् लूपचा प्रत्येक स्क्रू एकत्र तापतात, अन् स्क्रू कितीही आवळले तरी थंड होत नाहीत. तिथं आवळणं हा उपाय नाही, वेगळी लाईन हा उपाय. डीबीतून २.५ ची फेज-न्यूट्रल अन् अर्थिंग स्वतंत्र ओढायची, त्याला १६ चा एमसीबी, अन् बोर्डावर मोठ्या पिनांचं १६ चं सॉकेट आपल्या १६ च्या बटणासकट. जुन्याच वायरीवर नुसतं १६ चं सॉकेट बसवून घेतात लोक, ते नको, पिना मोठ्या झाल्या म्हणून मागची वायर जाड होत नाही.

गुरुजींच्या घरी स्वयंपाकघरात मिक्सर-फ्रिजसाठी १६ चा पॉइंट आधीच काढलेला होता. बेडरूमची वेगळी लाईन दिवाळीच्या आत काढू असं ठरलं, तोपर्यंत बादली स्वयंपाकघरात.